आवक वाहतूक आणि आवक परत: दोन्हींतला ‘आवक’ एकच का?

वाणिज्य_अकरावी
तेरजेत चार नावं शेजारी शेजारी आली आहेत: आवक वाहतूक, जावक वाहतूक, आवक परत, जावक परत. आवक वाहतूक व्यापार खात्याच्या नावे बाजूला दाखवतात, हे माहीत आहे. मग आवक परतही तिथेच खरेदीजवळ यायला हवी ना? उत्तरात मात्र ती विक्रीतून वजा केलेली आहे. ‘आवक’ या शब्दाचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा धरायचा का?

कार्यालयीन
आवक-जावक म्हणजे टपालाची नोंदवही. आलेलं पत्र आवक, पाठवलेलं पत्र जावक, आणि दोन्हींना वेगवेगळे क्रमांक. त्यात ‘परत’ असा रकाना नसतो, निदान सरकारी कार्यालयात तरी नाही.

सोपंसूत्र
टपालाचं नाही हो, हिशेबाचं चाललं आहे. सोपं सूत्र सांगतो. आवक म्हणजे खरेदी, म्हणून व्यापार खातं. जावक म्हणजे विक्री, म्हणून नफा-तोटा खातं. एवढं पाठ केलं की वाहतूक कधीच चुकत नाही.

खातेवही
वाहतुकीपुरतं सूत्र बरोबर आहे, पण परतीला लावलं की नेमकं उलटं उत्तर येतं. जावक परत नफा-तोटा खात्यात दाखवली तर खरेदीतून काय वजा करणार?

मूळ प्रश्नाचं उत्तर असं, की अर्थ दोन्हीकडे एकच आहे: माल आपल्या दुकानाकडे येतोय की दुकानातून बाहेर जातोय. आवक-जावक फक्त दिशा सांगतात, व्यवहार सांगत नाहीत. खरेदीचा माल येताना दुकानाकडे येतो, म्हणून त्याचं भाडं ही आवक वाहतूक. विकलेला माल गिऱ्हाइकानं परत पाठवला तर तोही दुकानाकडेच येतो, म्हणून ती आवक परत. दिशा तीच, पण पहिला व्यवहार खरेदीचा आणि दुसरा विक्रीचा. परत म्हणजे माल उलटा फिरला, त्यामुळे दिशेवरून व्यवहार ओळखताना तोही उलटा धरायचा.

म्हणून आवक परत म्हणजे विक्री परत, ती जमा बाजूला विक्रीतून वजा. जावक परत म्हणजे खरेदी परत, ती नावे बाजूला खरेदीतून वजा. परतीच्या दोन्ही रकमा व्यापार खात्यातच संपतात, नफा-तोटा खात्यापर्यंत जातच नाहीत. चौघांपैकी खाली उतरते ती एकटी जावक वाहतूक.

वाणिज्य_अकरावी
समजतंय. पण तेरजेत यांच्या बाजू कोणत्या? तिथेच माझा फरक येतो.

खातेवही
दोन्ही वाहतुकी खर्च आहेत, त्यामुळे दोन्ही नावे शिल्लक. आवक परत विक्री कमी करते आणि विक्रीची शिल्लक जमा असते, म्हणून आवक परत नावे. जावक परत खरेदी कमी करते, म्हणून जमा. थोडक्यात चौघांपैकी तीन नावे आणि एकटी जावक परत जमा.

आकडे घेऊन बघ. एका व्यापाऱ्याचा आरंभीचा साठा ४०,०००, खरेदी ३,००,०००, विक्री ४,२०,०००, आवक परत २०,०००, जावक परत १५,०००, आवक वाहतूक ९,०००, जावक वाहतूक १२,०००, अखेरचा साठा ५०,०००.

विक्री परत वजा जाता विक्री राहिली ४,००,०००. खरेदी राहिली २,८५,०००. आता ४०,००० अधिक २,८५,००० अधिक आवक वाहतूक ९,०००, म्हणजे ३,३४,०००. त्यातून अखेरचा साठा वजा केला की विकलेल्या मालाची किंमत २,८४,००० येते. ढोबळ नफा १,१६,०००, म्हणजे निव्वळ विक्रीच्या २९ टक्के. तो नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला आणायचा आणि मग नावे बाजूला जावक वाहतूक १२,००० लिहायची. बाकीचे खर्च त्याखाली.

आता दोन्ही परती एकमेकींच्या जागी लिहून पाहा. विक्री ४,०५,००० आणि खरेदी २,८०,००० होते, ढोबळ नफा १,२६,००० होतो. जास्तीचे १०,००० म्हणजे दोन परतींतल्या फरकाची बरोबर दुप्पट. तेरजेत या दोघींच्या बाजू अदलाबदल झाल्या तरी फरक १०,०००चाच पडतो. म्हणून तेरीज जुळत नसेल तर आधी परतींतला फरक काढायचा, तो दुप्पट करायचा आणि आपल्या तफावतीशी ताडायचा. जुळला तर बहुधा चूक तिथेच सापडते.

वाणिज्य_अकरावी
माझी तफावत ८,४०० आहे आणि परती ११,५०० व ७,३००. म्हणजे हेच!

सोपंसूत्र
परतीचं मान्य. पण वाहतुकीचं एवढं काय? वर दाखवली काय, खाली दाखवली काय, निव्वळ नफा तोच राहतो. वरच्या उदाहरणात ९,००० आणि १२,००० कुठेही ठेवा, दोन्ही वजाच होणार.

मृणाल
अखेरच्या साठ्याचा आकडा तोच राहिला तरच हे खरं आहे, आणि तिथेही ढोबळ नफा हलतोच. जावक वाहतुकीचे १२,००० वर व्यापार खात्यात टाकले तर ढोबळ नफा १,०४,०००, म्हणजे २९चे २६ टक्के. बँक कर्ज देताना किंवा ऑडिटर मागच्या वर्षाशी तुलना करताना हाच टक्का बघतात. माल तोच, भाव तेच आणि टक्का तीननं घसरलेला, मग विचारणा होणारच.

पण खरी गोम साठ्यात आहे. माल दुकानात आणण्याचं भाडं हा मालाच्या किमतीचाच भाग आहे, लेखामानक २ मध्येही तसंच धरलं आहे. समजा १०० पोती प्रत्येकी १,००० रुपयांनी घेतली आणि ट्रकभाडं ५,००० दिलं. पोतं दुकानात पडलं १,०५० ला. वर्षअखेर २० पोती उरली तर साठा २१,००० चा. भाडं खाली सामान्य खर्चात टाकणारा माणूस साठा बिलाच्या भावानं २०,००० धरतो. या वर्षी निव्वळ नफाच १,००० नं कमी दिसतो आणि पुढच्या वर्षी तेवढाच जास्त. जावक भाडं मात्र साठ्यात कधीच धरायचं नाही, कारण ते उरलेल्या मालावर झालेलंच नसतं.

टॅली वापरत असाल तर हा निर्णय खातं उघडताना एकदाच होतो. आवक भाड्याचं खातं `Direct Expenses` गटात आणि जावकचं `Indirect Expenses` गटात. दुकानांत बहुतेक वेळा ‘ट्रान्सपोर्ट’ नावाचं एकच खातं असतं आणि दोन्ही दिशांचं भाडं त्यात जातं. मग मार्चअखेर एकेक बिल उलगडत बसावं लागतं. मी खात्याला ‘खरेदीवरील गाडीभाडे’ आणि ‘विक्रीवरील गाडीभाडे’ अशी नावं सुचवते. नोंद करणाऱ्याला दिशेचा विचारच करावा लागत नाही.

हार्डवेअर_सांगली
ताई, माझी अडचण वेगळी आहे. टेम्पोवाला महिन्याचं एकच बिल देतो. त्यात गोदामातून माल आणलेल्या फेऱ्या, गिऱ्हाइकाच्या साइटवर पाईप पोचवलेल्या फेऱ्या आणि साइटवरून नको असलेले पाईप परत आणलेल्या फेऱ्या, सगळं एकत्र. शिवाय काही गिऱ्हाइकांकडून भाडं मी नंतर वसूल करतो. हे कुठे कुठे टाकायचं?

मृणाल
दादा, टेम्पोवाल्याकडून बिलामागे फेऱ्यांची यादी घ्या, त्याशिवाय वाटणी अंदाजानंच होईल. आणलेल्या फेऱ्यांचं भाडं आवक, पोचवलेल्यांचं जावक. जे भाडं गिऱ्हाइकाकडून परत मिळणार आहे तो तुमचा खर्चच नाही. ते त्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर नावे टाका, नाहीतर खर्च फुगतो आणि वसुलीही विसरते. दुकानासाठी रॅक किंवा कटिंग मशीन आणलं असेल तर ते भाडं मशीनच्या किमतीत, व्यापार खात्यात नाही.

खातेवही
परत आणलेल्या पाइपांच्या फेऱ्या मात्र आवक वाहतुकीत टाकू नका. टेम्पो दुकानाकडे आला हे खरं, पण ते भाडं विक्रीमुळे पडलं. ते विक्रीच्या खर्चात, म्हणजे नफा-तोटा खात्यात. इथे दिशेचा नियम फसतो. आणि परत आलेला पाईप साठ्यात मूळ किमतीला धरा, विक्रीच्या भावाला नाही. ६,०००ला विकलेला, तुम्हाला ४,५००ला पडलेला पाईप परत आला तर विक्रीतून ६,००० वजा आणि साठ्यात ४,५००. अखेरच्या मोजणीत तो आधीच मोजला गेला असेल तर पुन्हा मिळवायचा नाही. वाकलेला, गंजलेला असेल तर जो भाव येईल तोच धरा.

वाणिज्य_अकरावी
तेरजेत नुसतं ‘वाहतूक’ लिहिलं असेल, आवक की जावक काहीच नसेल तर?

मृणाल
परीक्षेत ती आवक धरायची आणि व्यापार खात्यात दाखवायची, हीच रूढ पद्धत. प्रत्यक्ष वह्यांत असं काही धरून चालू नका, बिलावर माल कुठून कुठे गेला ते लिहिलेलं असतं.

हार्डवेअर_सांगली
आणखी एक. शंभर नगांवर भाडं दिलं आणि त्यातले दहा खराब निघाले म्हणून पुरवठादाराला परत केले. माल परतीचे पैसे मिळाले, भाड्याचे नाही. त्या दहा नगांचं भाडं उरलेल्या नव्वदवर चढवू का?

खातेवही
माझ्या मते नाही. भाडं शंभरांवर पडलं आहे, नव्वद नगांचा खर्च त्यामुळे वाढत नाही. आधी नावे चिठ्ठीत ते भाडंही पुरवठादाराकडे मागून बघा. तो देत नसेल तर ते नुकसान म्हणून वेगळं दाखवलेलं बरं.

मृणाल
मी थोडी वेगळी मांडणी करेन. दर खेपेला दोन-चार नग खराब निघतच असतील तर ते त्या धंद्यातलं नेहमीचंच आहे, आणि ते भाडं चांगल्या नगांवर चढवायला हरकत नसावी. एखाद्याच खेपेत दहा निघाले तर खातेवही म्हणतात तसं.

हार्डवेअर_सांगली
माझ्याकडे सिमेंटच्या पाइपांत दर खेपेला तीन-चार तडकलेले निघतातच, पीव्हीसीत मात्र क्वचित. म्हणजे एकाच दुकानात दोन पद्धती?

खातेवही
चालतील, पण ठरवलेली पद्धत वर्षावर्षाला बदलू नका. सिमेंटच्या पाइपांचं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. किती टक्के तडकणं नेहमीचं धरायचं, हे आधी मागच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या काढून बघा.