शब्दचर्चा: ‘दोष काढला’ म्हणजे नेमके काय केले?

किरणरेघ

नोंदी लिहून ठेवण्याच्या एका छोट्या ॲपची नवी आवृत्ती लवकरच द्यायची आहे आणि तिच्यासोबत ‘या आवृत्तीत काय बदलले’ हे मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हाताशी कोडमधील बदलांची ही यादी आहे. सर्वांत नवा बदल सर्वांत वर आहे.

```
$ git log --oneline --no-merges v2.3.0..v2.4.0
e41b07c fix: null check in ReminderScheduler
9d2c5aa Revert "feat: swipe to archive"
77f0e13 fix: off-by-one in new tag filter
b8a6d40 feat: filter notes by tag
30ce9f2 feat: swipe to archive
c15d8e7 refactor: move sync to WorkManager
a0947bd chore: drop legacy .txt export
```

माझा पहिला मसुदा असा होता: ‘रिमाइंडर शेड्युलरमधील नल चेकचा दोष काढला. टॅग फिल्टरमधील चूक काढली. सिंकमध्ये सुधारणा केली. साध्या मजकुराच्या निर्यातीचा पर्याय काढला.’ ॲप रोज वापरणाऱ्या एका मैत्रिणीला तो दाखवला, तर तिने विचारले, ‘निर्यातीचा पर्याय काढला, म्हणजे नवीन आणला ना?’ तेव्हापासून ‘काढणे’ या क्रियापदावरचा माझा विश्वास उडाला आहे. त्याच्या जागी कोणता शब्द योजावा?

शब्दपारखी

आपल्या मैत्रिणीचे काहीही चुकलेले नाही. ‘चित्र काढले’, ‘मासिकाचा अंक काढला’ यांत आधी नसलेली वस्तू अस्तित्वात येते, तर ‘काटा काढला’, ‘डाग काढला’ यांत असलेली वस्तू नाहीशी होते, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे मराठी वाचक केवळ कर्मावरून ठरवतो. ‘पर्याय’ हे कर्म दोन्हींकडे चालते, म्हणून तिथे घोटाळा झाला. ‘चूक काढली’ची गत तर त्याहून वाईट आहे, कारण चूक काढणे म्हणजे रूढ मराठीत दुसऱ्याची चूक दाखवून देणे, आपण ती दुरुस्त केली की नुसतीच शोधून ठेवली, हे त्या वाक्यातून कळत नाही.

‘सुधारणा’ हा शब्दही तितकाच निसरडा आहे. ‘चूक सुधारली’ म्हणजे बिघडलेले नीट केले आणि ‘अक्षर सुधारले’ म्हणजे होते त्याहून चांगले झाले. ‘सिंकमध्ये सुधारणा केली’ हे वाचून आजवर सिंक बिघडलेले होते की नव्हते, असा प्रश्न उरतोच. माझ्या मते ‘दुरुस्त केले’ आणि ‘काढून टाकले’ ही दोन रूपे निःसंदिग्ध आहेत. संयुक्त क्रियापद होताच ‘काढणे’मधील निर्मितीचा अर्थ गळून पडतो.

आणखी एक गोष्ट शब्दांच्या क्रमाची. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे दहा ओळींची यादी वरून खाली झरझर पाहणाऱ्याला प्रत्येक ओळीच्या टोकाला ‘केले, केले, केले’ एवढेच दिसत राहते. क्रियापद शीर्षकात एकदाच घ्यावे आणि ओळीची सुरुवात वाचक ॲपमध्ये ज्या जागी बोट ठेवतो त्या जागेच्या नावाने करावी.

अर्धविराम

शासकीय आणि तांत्रिक लेखनात रुळलेला ‘निराकरण’ हा शब्द असताना एवढी शोधाशोध कशासाठी, हे मला समजले नाही. काम सरळ आहे. `feat` असलेल्या ओळी ‘नवीन’खाली घ्याव्यात, `fix` असलेल्या ‘निराकरण’खाली घ्याव्यात आणि `refactor`, `chore` या अंतर्गत बाबी असल्याने गाळून टाकाव्यात. मात्र प्रामाणिकपणासाठी प्रत्येक `fix` दिलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

पानगळ

आमच्या गटाने बदलांचे संदेश मराठीत लिहिण्याचा प्रयोग केला होता, पण चार महिन्यांत सगळे इंग्रजीवर परतले, कारण शोध घेताना कोणी ‘दुरुस्ती’ लिहिलेले असे तर कोणी ‘दुरूस्ती’. तेव्हा त्या फंदात पडू नये, असे सुचवते.

किरणरेघ

संदेश इंग्रजीतच राहणार आहेत. माझा प्रश्न वापरकर्त्यासमोर येणाऱ्या मजकुराचा आहे.

जुनीचावी

अर्धविराम यांची कृती निम्मी बरोबर आहे आणि उरलेल्या निम्म्यातच धोका आहे. ओळीपुढचा शिक्का बदल करणाऱ्याने आपल्या बाजूने मारलेला असतो. वापरकर्त्याला काय दिसेल याची हमी तो देत नाही. या यादीत वापरकर्त्याला सर्वांत जास्त झळ पोहोचवणारी ओळ शेवटची आहे, आणि तिच्यावर `chore` असा शिक्का आहे. ज्याने आपल्या नोंदी साध्या मजकुरात बाहेर काढून ठेवण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला तो पर्याय एके दिवशी दिसेनासा होईल. ही ओळ गाळणे तर सोडाच, ती सर्वांत वर आली पाहिजे.

`refactor`च्या ओळीचेही तसेच आहे. सिंक वर्कमॅनेजरकडे सोपवले, एवढे वाचून सोडून देऊ नये. तो बदल उघडून पाहावा. वर्कमॅनेजरमध्ये ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कामाचे किमान अंतर 15 मिनिटांचे असते आणि त्याहून कमी मागितले तरी मिळत नाही. आधी सिंक किती वेळाने होत असे?

किरणरेघ

दर पाच मिनिटांनी. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

जुनीचावी

मग ती ‘सुधारणा’ नव्हे. दोन उपकरणांवर ॲप वापरणाऱ्याला उद्यापासून सिंक मंदावल्यासारखे वाटेल आणि तो त्याला बिघाड समजून तक्रार करील. ‘बदलले’ या शीर्षकाखाली ते अंतरासह सांगून टाकावे.

आता ‘प्रत्येक `fix` द्यावा’ या आग्रहाबद्दल. टॅगच्या गाळणीतील चूक `77f0e13`ने दुरुस्त झाली, पण ती गाळणीच मुळात याच यादीतील `b8a6d40`ने आली आहे, म्हणजे 2.3.0 वापरणाऱ्या कोणाच्याही वाट्याला ती चूक आलेली नाही. जी चूक वाचकाने पाहिलीच नाही, तिची दुरुस्ती जाहीर केली तर ‘हे कधी बिघडले होते?’ असे तो स्वतःलाच विचारत बसतो. यात प्रामाणिकपणा वाढत नाही, गोंधळ वाढतो. सरकवून संग्रहात टाकण्याची सोय आली आणि परत घेतली गेली, त्यामुळे ती जोडीही एकमेकींना खाऊन टाकते. रिव्हर्टची ओळ यंत्राने जशीच्या तशी उचलली, तर न मिळालेली सोय काढून घेतल्याची बातमी छापली जाते.

राहिली स्मरणसूचनेची ओळ. ‘नल चेक’ हा उपाय आहे; वापरकर्त्याला त्याचा त्रास काय होता?

किरणरेघ

नोंद पुसली तरी तिची स्मरणवेळ मागे राहत असे आणि ती वेळ येताच ॲप बंद पडत असे. तुमच्या आणि शब्दपारखींच्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला नवा मसुदा असा:

काढून टाकले
साध्या मजकुराची निर्यात: `.txt` फाइल आता तयार करता येणार नाही, त्याऐवजी `.md` निवडावे. आधी तयार केलेल्या फाइली तशाच राहतील.

बदलले
सिंक: दर 5 मिनिटांऐवजी आता किमान 15 मिनिटांच्या अंतराने आपोआप होईल.

नवीन
टॅग: एखादा टॅग निवडून फक्त त्याच्या नोंदी पाहता येतात.

दुरुस्त केले
स्मरणसूचना: पुसलेल्या नोंदीची वेळ झाली की ॲप बंद पडत असे, आता तसे होत नाही.

शब्दपारखी

शेवटच्या ओळीतील ‘बंद पडत असे’ उत्तम, कारण ‘बंद होत असे’ म्हटले असते तर ते आपण ठरवून बंद करण्यासारखे वाटले असते. शीर्षक ‘निराकरण’ न करता ‘दुरुस्त केले’ ठेवलेत हेही बरे झाले. निराकरण शंकेचे, तक्रारीचे किंवा समस्येचे होते; ‘ॲप बंद पडण्याचे निराकरण’ हे वाक्य व्याकरणात बसले तरी कानाला खटकते.

अर्धविराम

टॅगच्या चुकीबद्दलचा मुद्दा मान्य आहे. मात्र तसा निर्णय दर वेळी नजरेने घेण्याची गरज नाही; `git tag --contains` या आज्ञेला बदलाचा क्रमांक दिला, की तो कोणकोणत्या आवृत्त्यांत आहे हे कळते. मी `e41b07c` असा पडताळायला सांगेन.

किरणरेघ

पडताळला. फक्त `v2.4.0` दिसते, म्हणजे ती ओळ ठेवायला हरकत नसावी.

जुनीचावी

मध्ये 2.3.1 अशी एखादी तातडीची आवृत्ती दिली होती का? तिच्या फांदीवर हाच बदल चेरी-पिक करून नेला असेल, तर तिथे त्याचा क्रमांक वेगळा पडतो आणि ती आज्ञा त्याला ओळखत नाही. क्रमांकाऐवजी बदलाचा मजकूर जुळवून पाहायचा असेल तर हे चालवावे. इथे मध्ये तीन टिंबे आहेत, दोन नव्हेत.

```
git log --oneline --no-merges --cherry-pick --right-only v2.3.1...v2.4.0
```

दोन्हींकडे समान असलेले बदल यातून गळून पडतात. अर्थात चेरी-पिक करताना संघर्ष होऊन हाताने फेरफार करावा लागला असेल, तर मजकूर जुळत नाही आणि तो बदल इथेही नवा म्हणूनच दिसतो.

किरणरेघ

2.3.1 दिली होती, आणि या आज्ञेच्या उत्तरात `e41b07c` दिसत नाही. म्हणजे सर्वांत जमून आलेली ओळच गेली! पण ज्यांनी 2.3.1 घेतलीच नाही आणि जे थेट 2.3.0 वरून येतील, त्यांच्यासाठी ती ठेवावी का?

जुनीचावी

मी ठेवत नाही, ती 2.3.1 च्या टिपणात आहे आणि तिथेच राहावी. तरीही अद्ययावत करताना मधल्या आवृत्त्या अनेक जण वगळतात हे खरे असल्यामुळे उलट मत असणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

पानगळ

मागे प्रश्न नीट न वाचता लिहिले, त्याची ही भरपाई. हा मजकूर गूगल प्लेवर द्यायचा असेल तर एका भाषेला 500 युनिकोड वर्णांची मर्यादा आहे आणि त्यात काने, मात्रा, वेलांट्या व हलन्तचिन्हे वेगवेगळी मोजली जातात. ‘स्मरणसूचना’ डोळ्यांना सहा अक्षरांची दिसते, पण मोजणीत दहा भरते. आमचा मजकूर एकदा असाच मर्यादेबाहेर गेला आणि ऐन वेळी घाईघाईत कापताना नेमकी ‘काढून टाकले’ची ओळ गेली.

शब्दपारखी

त्या दृष्टीने तो भाग वर ठेवलेला आहेच. मला मात्र एक वेगळी शंका आहे. समजा निर्यातीचा पर्याय या आवृत्तीत काढून न टाकता ‘पुढे जाईल, सवय बदला’ एवढीच सूचना द्यायची असती, तर शीर्षक काय दिले असते? ‘कालबाह्य’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण औषध कालबाह्य झाले म्हणजे ते आजच निरुपयोगी झाले; इथे तर पर्याय अजून चालू असतो.

अर्धविराम

‘कालबाह्य’ रूढ आहे आणि वाचकांना त्याची सवय आहे.

किरणरेघ

मैत्रिणीला विचारून पाहिले. ‘कालबाह्य’ वाचून तिने तो पर्याय आता चालत नाही असे गृहीत धरले आणि दाबूनही पाहिला नाही. ‘लवकरच बंद होणार’ असे लिहिले तर तिने लगेच ‘कधी?’ असे विचारले, आणि त्याचे उत्तर आमच्याकडे अजून ठरलेले नाही.