नुसता ‘का?’ आला तर उत्तर कशाचं द्यायचं?

सायली_प: सोसायटीच्या ग्रुपवर निरोप गेला : ‘उद्या टाकी धुणार आहेत. ९ ते १ पाणी बंद. प्रत्येकी १०० रुपये जमा करावेत.’ एका सभासदाचं उत्तर आलं, ‘का?’ बस, एवढंच. सचिवांनी टाकीतल्या गाळावर दहा ओळी लिहिल्या. सभासद आणखी चिडले. अशा ‘का’ला काय म्हणावं?

बोरूबहाद्दर : त्यात गूढ काही नाही. ‘का’ नेहमी शेवटच्या वाक्याला लागतो. म्हणजे १०० रुपयांना.

मोडीवाचक : बहुतेकदा लागतो, नेहमी नाही. त्या निरोपातल्या प्रत्येक वाक्यात ‘का’ घालून बघा. टाकी उद्याच का धुणार? पाणी ९ ते १च का बंद? १०० रुपये का? तिन्ही वाक्यं बिनचूक मराठी आहेत. ‘किती?’ आला असता तर अडलं नसतं, कारण तो फक्त रकमेला किंवा तासांना लागू पडतो. ‘किती’, ‘कोण’, ‘कुठे’ हे वाक्यातली एखादी रिकामी जागा विचारतात, ‘का’ मात्र सबंध वाक्याचं कारण मागतो. म्हणून तो एकटा आला की जवळच्या कुठल्याही वाक्याला चिकटतो.

आणि वाक्य सापडलं तरी काम संपत नाही. ‘१०० रुपये का?’ म्हणजे कशासाठी, की देखभालीचे पैसे भरूनही वेगळे कशामुळे? ‘का’मध्ये हेतू आणि कारण दोन्ही बसतात. चिडलेला माणूस बहुधा दुसरं विचारत असतो.

वर्धेकर : आमच्याकडे ‘का झालं?’ म्हणजे ‘काय झालं?’ कारण विचारायला आम्ही ‘काहून’ म्हणतो. आमची आजी हाक मारली की ‘का?’ म्हणते, ती कारण थोडीच विचारते!

मोडीवाचक : हे महत्त्वाचं आहे. सभासद तिकडचे असतील तर ‘का?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ असंही असू शकेल. कानावर सूर पडला असता तर कळलं असतं, लिहिण्यात तो उरत नाही.

सायली_प : मग सचिवांनी लिहायचं काय?

मोडीवाचक : पर्याय त्यांच्याच शब्दांत पुढे ठेवायचे : ‘वेळेबद्दल विचारताय, की १०० रुपयांबद्दल?’ नुसतं ‘कशाबद्दल?’ लिहिलं तर सगळं ओझं परत त्यांच्यावर पडतं आणि पुन्हा एकच शब्द येतो. मागे काहीच निरोप नसताना ‘का?’ आला, तरच ‘कशाबद्दल?’ ठीक.

बोरूबहाद्दर : मला पटत नाही. पैशांच्या बाबतीत उलट प्रश्न केला की लोकांना टोलवाटोलवी वाटते. दोन्हींची एकेक ओळ देऊन टाकावी.

मोडीवाचक : दोन असतील तर जरूर द्या. इथे तीन आहेत, आणि पैशांचा ‘का’ दुहेरी.

सायली_प : सभासदांचं उत्तर आलंय : ‘रुपये. मागच्या वेळी फंडातून दिले होते ना?’

बोरूबहाद्दर : म्हणजे शेवटचंच वाक्य!

मोडीवाचक : वाक्य तुम्ही बरोबर ओळखलंत. पण ‘कशासाठी’ नाही, ‘या वेळी वेगळे का’ हा प्रश्न होता. गाळावरच्या दहा ओळींत त्याचं उत्तर नव्हतं.