बहिणीसाठी ट्रस्ट: वाटे ठरवून द्यावेत की विश्वस्तांवर सोडावेत?

चिपळूणचा डॉक्टर
माझी प्रॅक्टिस चालू आहे, उत्पन्न 30 लाखांच्या वर. गुहागरला दोन गाळे भाड्याने दिलेत, वर्षाला 6 लाख येतात. घटस्फोटित बहीण तिथेच राहते, तिला स्वतःचं उत्पन्न नाही. गाळे ट्रस्टमध्ये टाकायचे म्हणतोय. लाभार्थी बहीण, 22 वर्षांची मुलगी (अजून शिकते) आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. कोणाला किती, ते विश्वस्त दरवर्षी ठरवतील. मसुद्यात "गरज पडल्यास सेटलरला गाळे परत घेता येतील" असंही एक वाक्य आहे, सेटलर म्हणजे ट्रस्ट करणारा मी. कर कोणाच्या डोक्यावर? आणि असा ट्रस्ट करावा का?

दापोलीकर
डॉक्टर, ते परत घेण्याचं वाक्य आधी काढा. ट्रस्ट इर्रिव्होकेबल हवा. गाळे तुमच्याकडे कधीही परत येता कामा नयेत, तुमच्या पश्चातसुद्धा नाही. एकदा तेवढं केलं की कर ट्रस्टचा ट्रस्ट भरेल, तुमचा संबंध संपला. वाटे मात्र मोकळेच ठेवा, डिस्क्रिशनरीसारखा सुरक्षित ट्रस्ट नाही. उद्या मुलाचं कर्ज थकलं तर बँकेला "हा याचा वाटा" असं बोट ठेवायला जागाच राहत नाही.

देवगडवाली
आमच्या ग्रामदेवतेच्या ट्रस्टला कर लागत नाही, नोंदणी करून घेतली आहे. तुम्ही पण तशी करून घ्या ना, एवढा विचार कशाला?

निवृत्त करसल्लागार, रत्नागिरी
देवगडवाली ताई, तो धर्मादाय ट्रस्ट, गावासाठी असतो. डॉक्टरांचा घरच्या तीन माणसांसाठी आहे. ती सवलत त्याला मिळत नाही.

डॉक्टर, मी बोलतोय ते कलमांचे क्रमांक 1961 च्या कायद्यातले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा लागू झाला, त्यात क्रमांक बदलले, गाभा तोच आहे.

परत घेण्याच्या त्या एका वाक्याने सगळं फिरतं. कलम 61 आणि 63 एकत्र वाचा. मालमत्ता किंवा तिचं उत्पन्न, थोडंसं का होईना, आडमार्गाने का होईना, तुमच्याकडे परत येण्याची सोय डीडमध्ये असली की ट्रस्ट रिव्होकेबल धरतात. मग भाडं बहिणीच्या खात्यात जमा झालं तरी ते तुमचंच उत्पन्न. 6 लाखांतून 30 टक्के वजावट गेली की उरतात 4,20,000 (घरपट्टी सध्या बाजूला ठेवू). तुमच्या वरच्या स्लॅबला 31.2 टक्क्यांनी 1,31,040 रुपये. पैसा तिच्या हातात आणि कर तुमच्या पॅनवर.

दापोलीकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. "कधीही परत नाही" एवढं कडक कायदा म्हणत नाही. कलम 62 मध्ये वाट ठेवलेली आहे: बहिणीच्या हयातीत ट्रस्ट रद्द करता येत नसेल आणि डॉक्टरांना त्यातून कुठलाच फायदा होत नसेल, तर तिच्यानंतर गाळे घरी परत आले तरी ती असेपर्यंतचा कर डॉक्टरांवर येत नाही. मसुद्यातलं "गरज पडल्यास" याच्या नेमकं उलटं आहे. ते काढून "लाभार्थी बहिणीच्या हयातीनंतर" असं लिहा.

दुसरी गोष्ट वाट्यांची. वाटे ठरलेले नसले की कलम 164 लागतं आणि विश्वस्तांना सर्वांत वरच्या दराने भरावं लागतं, पैसा अगदी सगळा बिनउत्पन्नाच्या बहिणीला दिला तरी. म्हणजे पुन्हा तेच 1,31,040. याला एक अपवाद आहे: कोणत्याच लाभार्थ्याचं इतर करपात्र उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर नको आणि कोणी दुसऱ्या ट्रस्टचा लाभार्थी नको. बहीण आणि मुलगी दोघीच असत्या तर साध्या स्लॅबने 4 लाखांवरच्या 20 हजारांवर 5 टक्के, सेससह 1,040 रुपये. यादीत पुण्याचा मुलगा आला आणि ही सवलत सगळ्यांची गेली. त्याला एक रुपया दिला नाही तरी, कारण यादीत नाव असणं पुरेसं आहे.

वाटे डीडमध्येच लिहिले, बहीण अर्धा आणि मुलगी अर्धा, तर प्रत्येकीला 2,10,000. दोघींना दुसरं उत्पन्न नाही, कर शून्य. मुलगी 18 च्या आत असती तर तिचा वाटा आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याला जोडला असता. बायको किंवा सून लाभार्थी केली तरी तिचा वाटा तुमच्याच उत्पन्नात जोडतात.

दापोलीकर
कलम 62 चं माहीत नव्हतं, मान्य. पण मुलाला काढायचं म्हणजे काय? घरातल्या मालमत्तेवर त्याचा काही हक्कच नाही? आणि माझा सीए म्हणतो दर 39 टक्के, म्हणजे 1,63,800.

निवृत्त करसल्लागार, रत्नागिरी
39 टक्के म्हणजे वरचा सरचार्ज धरून. विभाग तसं लावत होता खरा, पण मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने 2025 मध्ये सांगितलं की सरचार्ज उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच लागेल. 4 लाखांना तो लागू होत नाही. मुलाच्या हक्काचं म्हणाल तर त्याला बाकी मिळकत मृत्युपत्राने द्या. या ट्रस्टमध्ये त्याचं नाव घालणं म्हणजे त्याला न देता आत्याचा कर वाढवणं.

मालवणची गृहिणी
मी आमच्याकडे झालं ते सांगते, कदाचित डॉक्टरांच्या उपयोगी पडेल. आबांनी तारकर्लीचं घर आणि ठेवी ट्रस्टला दिल्या, मला आणि बहिणीला निम्मा-निम्मा वाटा, लिहून ठेवलेला. पहिली काही वर्षं घर भाड्याने होतं, आम्ही दोघी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचो, कर लागत नव्हता. मग ट्रस्टनेच होमस्टे सुरू केला. खोल्या, माशाचं जेवण, बोटीची सोय. नफा 3 लाख, ठेवींचं व्याज दीड लाख. आम्ही नेहमीसारखे निम्मे-निम्मे दाखवले, आणि विश्वस्तांना 1,40,400 ची मागणी आली. व्याजसुद्धा त्यात ओढलं! वाटे ठरलेले असताना असं कसं, हे आजवर मला कळलेलं नाही.

निवृत्त करसल्लागार, रत्नागिरी
ताई, मागणीचं गणित बरोबर आहे. कलम 161 चं पोटकलम 1अ. वाटे ठरलेले असले तरी ट्रस्टच्या उत्पन्नात धंद्याचा नफा शिरला की नुसत्या त्या नफ्यावर नाही, संपूर्ण उत्पन्नावर वरचा दर लागतो. 4,50,000 चे 31.2 टक्के. सुटका फक्त मृत्युपत्राने केलेल्या ट्रस्टला, तोही पोटापाण्यासाठी अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी आणि मृत्युपत्र करणाऱ्याने केलेला असा एकच असेल तर. तुमच्यासाठी उपाय म्हणजे ट्रस्टने घर नुसतं भाड्याने द्यावं, होमस्टे घरातल्या कोणीतरी स्वतःच्या नावावर चालवावा. मात्र भाडं बाजारभावाचं हवं आणि करार खरा हवा. आंब्याची बाग असती तर प्रश्न नव्हता, ते शेतीचं उत्पन्न, करातून सुटतं. बागेतला होमस्टे मात्र शेती होत नाही.

चिपळूणचा डॉक्टर
पुढे कधीतरी त्या गाळ्यांत ट्रस्टच्या नावाने मेडिकल काढायचा माझा विचार होता, तो आता ट्रस्टच्या बाहेर ठेवतो. परत घेण्याचं वाक्य काढतो आहे. वाट्यांचं मात्र मन होत नाही. बहिणीचं आजारपण निघालं तर तिला निम्म्याहून जास्त लागेल, आणि लिहिलेले वाटे विश्वस्तांना हलवता येणार नाहीत.

दापोलीकर
तेच तर मी म्हणतोय. मुलगा काढा, दोघींचा डिस्क्रिशनरी ठेवा, 1,040 रुपये भरा. मोकळीकही राहिली.

निवृत्त करसल्लागार, रत्नागिरी
आज चालेल. मुलगी नोकरीला लागली की त्याच वर्षी तो अपवाद गेला आणि दर 31.2. ती 22 ची आहे, फार वर्षं मिळणार नाहीत. मी असतो तर एकट्या बहिणीचा ट्रस्ट केला असता. वाटा पूर्ण तिचा, 4,20,000 तिच्या रिटर्नमध्ये, रिबेटमुळे शून्य कर, आणि आजारपणाला सगळं तिच्याच हातात.

चिपळूणचा डॉक्टर
मुलीला काय सांगू, तेवढाच प्रश्न उरतो. या शनिवारी गुहागरला जातोय, बहिणीलाच विचारतो.