शब्दचर्चा : ‘जॉब कॉस्टिंग’ला ‘जॉबवर्कचा हिशेब’ म्हणता येईल का?

राजारामपुरीची भाषांतरकार : शिवणकाम करणाऱ्या महिलांच्या प्रशिक्षणासाठीची एक पुस्तिका मी मराठीत आणत आहे. ‘जॉब कॉस्टिंग’साठी मी ‘जॉबवर्कचा हिशेब’ असे लिहिले. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या माझ्या मामांनी ते वाचून सांगितले की जॉब म्हणजे चकात बांधलेला नग, आणि जॉबवर्क म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेले काम. शिवाय शिवणशाळेला ही पद्धत आणि रसायन कारखान्याला ‘प्रोसेस कॉस्टिंग’ असे पुस्तिकेत म्हटले आहे, पण कारण दिलेले नाही. शब्द कोणता घ्यावा?

शुद्धमती : ‘कार्य परिव्यय’ आणि ‘प्रक्रिया परिव्यय’ हे शब्द वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत रुळलेले आहेत. ते असताना इंग्रजीची उसनवारी कशाला करावी?

इचलकरंजीकर : मामांचे म्हणणे बरोबर आहे. आमच्याकडे कापड व्यापाऱ्याचे असते आणि आम्ही नगावर मजुरी घेतो, त्यामुळे कापडाची किंमत आम्ही हिशेबात धरतच नाही. पुस्तिकेत तेच लिहावे.

जमाखर्चवाले काका : आपण विचारलेला प्रश्न आणि वरील उत्तर यांत गल्लत होत आहे. कापड कोणाचे आहे हा मुद्दा येथे नाही. खर्च कोणत्या कामाच्या नावे टाकता येतो, हा आहे. गिऱ्हाईक शेरवानी शिवायला देते तेव्हा त्या शेरवानीचे एक कार्ड निघते. त्यावर कापड 2,400, अस्तर व बटणे 350, कारागिराची मजुरी 1,500 आणि दहा तासांच्या कामामागे भाडे-विजेचा वाटा 450 चढतो, म्हणजे 4,700 रुपये. शेजारच्या ब्लाउजशी या आकड्याचा संबंध नाही.

लोटे परशुरामच्या एखाद्या रसायन कारखान्यात मात्र रिअॅक्टरमधून निघालेल्या किलोंपैकी अमुक किलो अमुक गिऱ्हाइकाचा, असे सांगता येत नाही. म्हणून त्या टप्प्याचा महिन्याचा सारा खर्च एकत्र करून किलोंवर वाटावा लागतो. समजा, 1,000 किलो माल आत गेला आणि माल, मजुरी, वाफ धरून खर्च 54,500 झाला. शंभरामागे दहा किलो नेहमीच कमी होतात, आणि ते वाया गेलेले 100 किलो पाच रुपये दराने विकून 500 परत येतात. उरलेले 54,000 अपेक्षित 900 किलोंवर वाटले की दर 60 रुपये पडतो. प्रत्यक्षात झडप नीट न बसल्यामुळे 880 किलोच निघाले, तर जास्तीच्या वाया गेलेल्या 20 किलोंचे 1,200 रुपये मालाच्या दरात न मिसळता वेगळे काढावेत, आणि त्यांच्या विक्रीतून आलेले 100 वजा करून 1,100 सरळ नफा-तोट्यात टाकावेत. कोणी 54,000 ला 880 ने भागले, तर दर 61 रुपये 36 पैसे येतो आणि झडप नीट न बसल्याचा दोष दरात दडून राहतो.

वाणिज्य-द्वितीय वर्ष : म्हणजे शिंप्याला जॉब, रसायनाला प्रोसेस, विषय संपला.

जमाखर्चवाले काका : आपले म्हणणे निम्मे बरोबर आहे. एकाच शाळेच्या 500 गणवेशांना पाचशे कार्डे कोणी काढत नाही. त्या ऑर्डरीचे एकच कार्ड काढून शेवटी नगाने भागतात. उलट, ऑर्डरीप्रमाणे वेगवेगळी औषधी द्रव्ये एकामागून एक बनवणारा रसायन कारखाना प्रत्येक बॅचचा खर्च वेगळा धरतो. धंद्याचे नाव पाहून पद्धत ठरवली की हिशेब चुकतो.

शुद्धमती : आपण ‘कमी होतात’ असे मोघम लिहिले. त्यासाठी ‘सामान्य हानी’ हा शब्द आहे.

गुजरीतला वाचक : सोनार याला ‘घट’ म्हणतात, आणि ती आधीच धरलेली असते. हिशेबापेक्षा अधिक गेले की ती ‘तूट’, मग कारागिराला विचारणा होते. रसायनासाठीही हेच दोन शब्द का चालू नयेत?

शुद्धमती : ‘घट’ म्हणजे कोणतीही घसरण, परीक्षेत असे लिहिणाऱ्याला गुण मिळणार नाहीत. ‘परिव्यय’मधील ‘परि’ हा उपसर्ग सर्व बाजूंनी झालेला व्यय दाखवतो, असे माझे मत आहे.

गुजरीतला वाचक : पुस्तिका परीक्षेसाठी नाही, मशीनवर बसणाऱ्या बाईसाठी आहे. ‘परिव्यय’ वाचून ती पान उलटेल.

राजारामपुरीची भाषांतरकार : मग बेतताना चुकीच्या कापलेल्या कापडाला ‘घट’ म्हणावे की ‘तूट’?

जमाखर्चवाले काका : गिऱ्हाइकाने निसरडे मखमल आणल्यामुळे जास्तीचे कापड लागले, तर ते त्याच कार्डावर चढवावे. कात्री चालवणाऱ्याचे लक्ष नव्हते म्हणून तुकडा वाया गेला, तर त्या गिऱ्हाइकाला त्याचा भुर्दंड नको. तो दुकानाचा तोटा आहे. अधूनमधून कोणाकडूनही होणारी चूक मात्र भाडे-विजेप्रमाणे सर्व कामांवर वाटतात. नाव काहीही द्या, पण या तिन्ही गोष्टींना एकच शब्द लावू नका.

इचलकरंजीकर : आमच्या चिंध्या व्यापारीच मोजून परत नेतो. त्या कशात धरायच्या, ते अजून कोणी सांगितलेले नाही.