मदत हवी आहे: एमपीपीटी भर उन्हात भरकटतोय

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत ५० वॅटचं पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी आहे. आर्डुइनो नॅनो आणि बक कन्व्हर्टर वापरून चार्ज कंट्रोलर बनवलाय. ड्यूटी हाताने लावली की पॅनेल १७.५ व्होल्टवर राहून ४२ वॅट देतं. पर्टर्ब-ऑब्झर्व्ह चालू केलं की ढग नसतानाही व्होल्टेज घसरत १४ वर येतं.

मला संशय करंट सेन्सरचा आहे. 5 अँपिअरचा ACS712 अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतो, नॅनोच्या एडीसीची एक पायरी ४.९ मिलिव्होल्ट. म्हणजे २६ मिलिअँपिअर, जवळपास अर्धा वॅट! ड्यूटी एका पायरीने हलवल्यावरचा फरक त्याहून कमी, त्यामुळे दिशा चुकत असावी.

प्रत्येक पायरीला ६४ रीडिंगची सरासरी पुरेल, की ड्यूटीची पायरीच मोठी करू? की सरळ INA219 लावू? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.