मदत हवी आहे : हातांना भेगा पडून रक्त येतंय, रात्रपाळी सुरूच आहे. ग्लोव्ह्ज आणि पॅच टेस्टबद्दल विचारायचंय

रात्रपाळी_सिस्टर

नमस्कार. मी नागपूरला एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. नोकरीला ११ वर्षं झाली. महिन्यातले निदान १५ दिवस नाइट असते, रात्री ८ ते सकाळी ८.

दिवाळीच्या आधीपासून बोटांच्या पेरांवर लाली यायला लागली. मग बोटांच्या बेचक्यांत खाज, अंगठीखाली पांढरट ओली कातडी. थंडी सुरू झाली तशा उजव्या अंगठ्याच्या टोकाला आणि दोन्ही तर्जन्यांच्या सांध्यावर भेगा पडल्या. मूठ वळली की उघडतात. हँडरब लावला की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून मी गेले दोन महिने हँडरब टाळून प्रत्येक वेळी साबणाने हात धुतेय. एका नाइटला ४०-५० वेळा तरी. भेगेवर मायक्रोपोर लावते, पण तो ओला होऊन आतली कातडी फुगते.

मेडिकल स्टोअरमधून एक ट्यूब आणली होती. चार दिवसांत हात छान झाले, दहाव्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. असं तीनदा झालं. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, "व्हॅसलीन लाव, सगळ्यांचेच हात असे असतात." मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या मंगळवारी पहाटे साडेतीनला चार नंबर बेडच्या आजोबांचं कॅन्युला लावत होते. टेप लावताना डाव्या ग्लोव्हच्या तर्जनीत लाल दिसलं. आजोबांच्या मनगटावरही रक्त होतं. ते माझ्या ग्लोव्हमध्ये गेलं की माझंच आहे, काही कळेना. सिंकवर जाऊन ग्लोव्ह काढला, पाण्याने भरून पिळून पाहिला. कुठूनही थेंब गळला नाही. म्हणजे माझंच. पण त्या दहा मिनिटांत आजोबांच्या फाइलमधला व्हायरल मार्कर्सचा कागद शोधताना माझे हात थरथरत होते. निगेटिव्ह होता. तिथेच ठरवलं की आता स्किनच्या डॉक्टरांकडे जायचं.

पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट आहे. त्याआधी विचारायचंय, हे ग्लोव्ह्जमुळे होत असेल का? पॅच टेस्ट सांगितली तर नाइट करत ती जमते का? आणि तोवर ड्यूटीवर हात कसे सांभाळू?

मंगेश_वर्धा

ताई, आमच्या आईला अशाच भेगा पडायच्या. कोकमाचं तेल गरम करून रात्री भरायचं आणि मोजे घालून झोपायचं. आठ दिवसांत टाचा लोण्यासारख्या. बाहेरच्या ट्यूबा नकोच.

रात्रपाळी_सिस्टर

काका, माझ्या टाचा बऱ्या आहेत, हातांचं विचारत होते. तरी कोकम तेल घरात आहे, लावून बघते.

निरीक्षा_त्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. फोटोवरून किंवा वर्णनावरून निदान करणार नाही, पण काही गोष्टी विचारते. तुमच्या डॉक्टरही हेच विचारतील, तेव्हा आठवून ठेवा. सुट्टीत हात सुधारतात का? लाली मनगटावर ग्लोव्हच्या काठाशी रेघ ओढल्यासारखी थांबते का? ग्लोव्ह घातल्यावर पाच-दहा मिनिटांतच खाज आणि गांधी येतात, की दुसऱ्या दिवशी? लहानपणी कोपराच्या लवणीत खाज, दमा असं काही? पायाच्या बोटांत काही आहे का?

मंगेशजींचं अर्धं बरोबर आहे. कोकम तेल, व्हॅसलीन यांनी कातडीतलं पाणी उडून जात नाही, झोपताना लावायला चांगलं. पण नुसत्या तेलाने आतली सूज जात नाही, आणि कारण रोज बारा तास चालू असेल तर भेग भरणार कशी?

रात्रपाळी_सिस्टर

मॅडम, दिवाळीत चार दिवस माहेरी होते तेव्हा खाज निम्मी झाली होती. मनगटावर रेघ आहे, तुम्ही विचारल्यावरच नीट पाहिली. खाज ग्लोव्ह घातल्या घातल्या नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेत वाढते. लहानपणी कोपराच्या लवणीत खूप खाजायचं, आई खोबरेल लावायची. पाय साफ आहेत.

निरीक्षा_त्वचा

मग दोन गोष्टी एकत्र असू शकतात. एक म्हणजे साबण-पाण्याने कातडी झिजणं. ज्यांची कातडी लहानपणापासून कोरडी, त्यांना हे लवकर होतं. दुसरी, ग्लोव्हमधल्या कशाची तरी उशिरा येणारी ॲलर्जी. लगेच गांधी आल्या असत्या तर मी आधी लॅटेक्सच्या प्रथिनांचा विचार केला असता. दुसऱ्या दिवशी वाढतं म्हटल्यावर रबर पक्कं करायला जी रसायनं घालतात त्यांच्याकडे लक्ष जातं. ती नायट्राइल ग्लोव्हमध्येही असतात, त्यामुळे "लॅटेक्स सोडून निळे घाला" एवढ्याने काम होईलच असं नाही. हे पॅच टेस्टशिवाय कळणार नाही.

हँडरबबद्दल तुमची समजूत उलटी झालीय. आग होते कारण कातडी आधीच फाटलेली आहे. कातडीतलं तेल साबण धुऊन नेतो, रब तितकं नेत नाही, शिवाय त्यात ग्लिसरीन असतं. हात दिसायला मळलेले नसतील तिथे रबच वापरा. दिसणारी घाण, रक्त, जुलाबाचा पेशंट, तिथे साबण हवाच, पण कोमट पाणी आणि नंतर टिपून कोरडे. आधी धुवून लगेच वर रब, ही सवय असेल तर सोडा. आणि अंगठी आजपासून घरी, तिच्याखाली साबण अडकून राहतो.

त्या ट्यूबवर तीन औषधांची नावं असतील, त्यात एक तीव्र स्टिरॉइड. म्हणून चार दिवसांत बरं वाटलं. ती ट्यूब डॉक्टरांना दाखवा. बुरशी असेल तर अशा ट्यूबने ती लपते, म्हणून ते कातडी खरडून तपासतील.

आयसी_सिस्टर_निवृत्त

बेटा, मी २६ वर्षं नर्सिंग केलं, शेवटची काही वर्षं इन्फेक्शन कंट्रोल. ग्लोव्हमध्ये पाणी भरून पाहिलंस, पण बारीक छिद्र त्यात दिसेलच असं नाही. पेशंटचं रक्त फाटलेल्या कातडीला लागलं तर तीही सुई टोचल्यासारखीच घटना धरतात. साबण-पाण्याने धुवायचं, लगेच कळवायचं, रजिस्टरला नोंद. एचआयव्हीसाठी औषध लागलं तर जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. "माझंच होतं" असं मनाशी ठरवून गप्प बसू नको. हेपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत ना? अँटीबॉडी टायटर कधी केला होता? १० च्या वर हवा. आणि उघड्या भेगांत जंतू बसतात, ते पेशंटला जातात. म्हणून तुझे हात हा वॉर्डाचाही विषय आहे, इन्चार्जला असं सांग.

सुरज_मानेवाडा

माझे वडील गवंडी. त्यांचे हात असेच फाटायचे, टेस्टमध्ये सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी निघाली. टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या चिकटवतात. दोन दिवस पाठ ओली करायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. वडिलांनी एप्रिलमध्ये केली, दोन पट्ट्या घामाने सुटल्या आणि परत करावी लागली. ताई, आपल्या नागपुरात करायची तर आत्ता थंडीतच उरकून घ्या.

विशाल_०७

एवढं होतंय तर आयसीयू सोडून ओपीडीत बदली घ्या ना. तब्येत पहिली.

रात्रपाळी_सिस्टर

आठवड्याभराने लिहितेय. डॉक्टरांनी कातडी खरडून काचेवर पाहिली, बुरशी नाही. क्लोबेटासॉलचं ऑइंटमेंट दिलं, दिवसातून एकदा, तीन आठवडे, मग एक दिवसाआड. क्रीम नको, ऑइंटमेंटच हवं म्हणाले. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळायचं, तेवढं एका हाताला पुढून-मागून पुरतं. मी आतापर्यंत त्याच्या पाव भागही लावत नव्हते.

चिठ्ठीवर "रात्री" लिहिलं होतं आणि मी दोन दिवस रात्री ड्यूटीवर निघताना लावून तासाभरात धुऊन टाकत होते. फोन करून विचारलं तर म्हणाले, "तुमची रात्र सकाळी १० ला सुरू होते." आता घरी येऊन लावते, वर व्हॅसलीनचा जाड थर, सुती हातमोजे आणि झोप.

टायटर केला, १० च्या वर आहे. त्या रात्रीची घटना लेखी दिली. उशीर झाला म्हणून ऐकून घ्यावं लागलं, पण नोंद झाली. इन्चार्ज सिस्टरनी सात दिवस रेकॉर्ड्सला बसवलं.

विशाल, बदली माझ्या हातात असती तर धागाच काढला नसता.

रात्रपाळी_सिस्टर

पॅच टेस्ट झाली. सोमवारी पट्ट्या, बुधवारी काढल्या, शुक्रवारी परत पाहिलं. नाइट नसलेला आठवडा धरला, कारण पेशंट वळवताना पाठ ओढली जाते. बुधवारी एका चौकोनात फिकट लाली होती. शुक्रवारी तिथेच बारीक पुरळ उठलं, आरशात बघताना मला स्वतःला दिसलं. थायुराम. बाकी सगळं साफ. म्हणजे रबरातली रसायनंच.

निरीक्षा_त्वचा

म्हणूनच शुक्रवारचं वाचन टाळायचं नसतं, बुधवारीच सोडून दिलं असतं तर शंका राहिली असती. आता ज्यात ही रसायनं घातलेलीच नाहीत असे नायट्राइल ग्लोव्ह मिळतात, ते बघा. विनाइलमध्ये ही भानगड नसते, पण रक्ताच्या कामाला ते तितके भरवशाचे नाहीत, चादर बदलणं, जेवण देणं इथवर ठीक. आणि कातडी वरून बरी दिसली तरी आतून पक्की व्हायला काही महिने जातात. व्हॅसलीन तेव्हाही चालू ठेवा.

आयसी_सिस्टर_निवृत्त

स्टोअरला रिपोर्टची झेरॉक्स लावून लेखी मागणी दे. तोंडी सांगितलेलं तिथे कोणी ऐकत नाही.

रात्रपाळी_सिस्टर

दिली मावशी. स्टोअरवाले म्हणतात एकाच कंपनीचा रेट काँट्रॅक्ट आहे. डब्यावर "पावडर फ्री" आणि "लॅटेक्स फ्री" लिहिलंय, रबरात काय घातलंय ते कुठेच नाही. सध्या मी स्वतःच्या पैशाने एक डबा मागवला आहे, पण नाइटला डझनावारी ग्लोव्ह लागतात, हे किती दिवस परवडेल माहीत नाही.

हातांचं सांगते. काल दुपारी उठल्यावर लेकीने संत्रं पुढे केलं. दोन महिन्यांपासून तिलाच सोलायला लावत होते, सालीचा रस भेगेत गेला की जीव जायचा. काल मीच सोललं. उजवा अंगठा गप्प राहिला. डाव्या तर्जनीला अजून झोंबतं.

इथे नागपुरात कुणाच्या हॉस्पिटलच्या स्टोअरने असे वेगळे ग्लोव्ह एखाद्या स्टाफसाठी मंजूर केलेत का? अर्ज कसा लिहिला होता, कुणाच्या सहीने गेला, तेवढं सांगा.