बरोबर उत्तर खोडायची खोड

तिसरा_प्रयत्न

माझी मैत्रीण बँकेच्या पूर्व परीक्षेची तयारी करतेय. परवा रात्री तिचा मेसेज आला: "गणितात 35 पैकी 19च सोडवून झाले. त्यातली तीन आधी बरोबर होती, मीच बदलली. मला स्वतःचंच पटत नाही गं." तिला मी जे लांबलचक लिहिलं, ते तिला विचारूनच इथे टाकतेय. ही खोड असलेले इथे बरेच असणार, तेव्हा आपापलं लिहा. फजितीचं आधी.

"चिऊ, मलाही गेल्या वर्षी हेच व्हायचं. मग मी कच्च्या कागदावर एक पद्धत सुरू केली. सराव परीक्षेत उत्तर बदललं की प्रश्नाचा क्रमांक, आधीचा पर्याय आणि नवा पर्याय लिहायचा, आणि शेजारी एकच अक्षर. चूक सापडली म्हणून बदललं तर 'चू', नुसती भीती वाटली म्हणून बदललं तर 'भी'. दोन सेकंदांचं काम आहे. कारण त्याच क्षणी लिहायचं. निकाल बघितल्यावर आपण सोयीचं कारण आठवतो.

सहा सराव परीक्षांत मी 31 उत्तरं बदलली होती. 'चू'वाली 18, त्यातली 15 बदलून बरोबर झाली. 'भी'वाली 13, त्यातली 2 सुधारली, 8 बरोबरची चूक झाली आणि 3 आधीही चूक, नंतरही चूक. तो कागद बघून मी गप्पच बसले.

'भी' कशी असते सांगते. दुकानदार किंमत 25 टक्के वाढवून लावतो आणि 20 टक्के सूट देतो, तर नफा किती? मी शंभर धरले, सव्वाशे झाले, सव्वाशेचे 20 टक्के म्हणजे 25 गेले, राहिले शंभर. ना नफा ना तोटा. टिचकी मारली. पुढच्या प्रश्नावर गेले आणि मनात आलं, इतकं सरळ कसं असेल? मागे आले. पर्यायांत '5 टक्के नफा' बसलेलाच होता, 25 वजा 20. बदललं. माझ्या आकडेमोडीत एकही चूक सापडली नव्हती बघ. फक्त उत्तर फार सोपं निघालं, एवढंच.

आणि 'चू' अशी. जाताना ताशी 60, त्याच रस्त्याने येताना ताशी 40, सरासरी वेग किती? झटक्यात 50 वर टिचकी मारली. मग लक्षात आलं की हळू येताना रस्त्यावर जास्त वेळ जातो. अंतर 120 किलोमीटर धरलं तर दोन तास आणि तीन तास, म्हणजे 240 ला 5 तास, 48. इथे बदललं नसतं तर गेलंच होतं. म्हणून 'पहिलं उत्तर कधी बदलू नये' हेही मला पटत नाही.

आता माझा नियम एवढाच: कच्च्या कामात ज्या ओळीवर बोट ठेवून 'हे चुकलं' म्हणता येईल, किंवा प्रश्नातला जो शब्द वाचायचा राहिला होता तो दाखवता येईल, तरच बदलायचं. बोट ठेवायला जागा नसेल तर पुढे.

आणि तुझे 19. वीस मिनिटांत 35 म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 34 सेकंद. तुझा हात हळू नाहीये, तू प्रत्येक गणित दोनदा करतेस. सगळे 35 सोडवायचेच असं नाही, पण दुसऱ्या खेपेला जाणारा वेळ न बघितलेल्या सोप्या प्रश्नांतून कापला जातो. तुझे शेवटचे पाच-सहा प्रश्न बघ, त्यातले दोन तरी तुला तोंडी येणारे असतील."

खडूफळा

बावीस वर्षं क्लास घेतोय. मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, पहिलं उत्तर हेच उत्तर, हात लावायचा नाही. परीक्षेनंतर रडत येणारा प्रत्येक जण एकच सांगतो: "सर, बरोबर होतं हो, बदललं." "सर, बदललं म्हणून वाचलो" असं सांगायला आजवर एकही आला नाही. बाई, तुमच्या 'चू'-'भी'त मुलं आणखी गोंधळतील.

उलटतपासणी

सर, रागावू नका, पण तुमच्या 'आजवर एकही आला नाही' यातच गोम आहे. बदलून वाचलेला मुलगा तुमच्याकडे येईल कशाला? तो चहा प्यायला जातो. बदलून चुकलेलं मनात सलत राहतं, बदलून बरोबर आलेलं आपण विसरूनही जातो.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय, तेव्हा हे वाचावं लागलं होतं. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांचा 2005 सालचा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांवर उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी त्यांनी तपासल्या. निम्म्याहून किंचित जास्त बदल चुकीकडून बरोबरकडे गेलेले होते, बरोबरकडून चुकीकडे साधारण पाव, उरलेले चुकीकडून चुकीकडे. आणि तरी विद्यार्थ्यांना विचारलं तर बहुतेक जण म्हणत की बदलणं महागात पडतं.

धागाकर्तीच्या पद्धतीत मला आवडलं ते त्याच क्षणी नोंद करणं. मागाहून "मला खात्री होती" असं सगळ्यांनाच वाटतं.

खडूफळा

अभ्यास मानला. पण त्या कॉलेजच्या परीक्षा. तिथे 34 सेकंदांत वीज पडत नाही, आणि अभ्यासक्रमही ठरलेला असतो. आमच्या पोरांना परत फिरायला वेळ कुठे आहे? वीस मिनिटं झाली की विभागच बंद होतो.

उलटतपासणी

हे मात्र खरं. घाईतल्या अंकगणितालाही तेच प्रमाण लागू पडेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आठवीची आई

माझ्या मुलाचं अगदी हेच! आठवीची शिष्यवृत्ती दिली. काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवायचे असतात, तसं प्रश्नात लिहिलेलंही असतं. हा पठ्ठ्या एक रंगवतो, दुसरा बरोबर दिसला की "म्हणजे पहिला चुकला" म्हणून डोकं धरून बसतो. त्याला कसं समजवावं?

तिसरा_प्रयत्न

ताई, त्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्याची शंका बरोबर आहे, फक्त प्रश्नातली सूचना वाचायची राहतेय. "अचूक पर्याय दोन" अशा शब्दांखाली आधी रेघ मारायला लावा, मग पर्यायांकडे बघू दे.

रात्रपाळी

माझी तऱ्हा निराळी. मी उत्तर बदलत नव्हतो, पुसत होतो. शेवटच्या दोन मिनिटांत निगेटिव्ह मार्किंग आठवायचं, छातीत धडधडायचं, की एकेका प्रश्नावर जाऊन `Clear Response`. एका सराव परीक्षेत असे सहा प्रश्न पुसले. नंतर पाहिलं तर त्यातले चार बरोबर होते.

मग एका रात्री ड्युटीवर निवांत हिशेब मांडला. बँकेच्या पेपरात पाच पर्याय, बरोबरला एक गुण धरला तर चुकीला पाव जातो. त्या सहांत चार बरोबर, दोन चूक. तसेच ठेवले असते तर चार वजा अर्धा, साडेतीन गुण. पुसून मिळाले शून्य. अगदी डोळे मिटून टिचकी मारली तरी पाचात एक बरोबर येणार आणि चार चुका मिळून एक गुण जाणार, म्हणजे सरासरी ना फायदा ना तोटा. एक पर्याय जरी खात्रीने बाद केला असेल तर ठेवणंच फायद्याचं. मी तर गणित करून काढलेली उत्तरं पुसत होतो!

हे सगळीकडे चालत नाही, लक्षात ठेवा. यूपीएससीला चार पर्याय आणि एक तृतीयांश कपात, तिथे हिशेब नव्याने करायचा. आणि एमबीए सीईटीला निगेटिव्हच नाही, तिथे पुसणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

पेठेतला

मी सीसॅटवाला. 80 प्रश्न, दोन तास, कागदावरची उत्तरपत्रिका आणि काळं बॉलपेन. रंगवलं की संपलं, खोडता येत नाही. त्यामुळे शंका येऊ नये म्हणून मी रंगवणंच शेवटावर ढकलायचो. एकदा शेवटच्या दहा मिनिटांत तीसएक गोल रंगवायला घेतले आणि 47 व्या प्रश्नाचं उत्तर 48 च्या ओळीत गेलं. तिथून पुढे सगळीच वरात एक घर पुढे. पात्र व्हायला 200 पैकी 66च लागतात, तेही गेले.

आता प्रश्नपत्रिकेवर उत्तराला खूण करतो आणि पान उलटायच्या आधी त्या पानाचे गोल रंगवतो. शंका घ्यायची ती त्याच पानावर. पान उलटलं की दुकान बंद.

नवाचा_कस

मंडळी, पडताळा करायचाच तर तेच गणित पुन्हा करू नका. तीच चूक पुन्हा होते आणि वर खात्री वाटते. अंकांची बेरीज करा. 47 गुणिले 36. चार आणि सात अकरा, म्हणजे दोन. तीन आणि सहा नऊ. दोन नव्वे अठरा, म्हणजे नऊ. उत्तर 1692, त्याचीही बेरीज 18, म्हणजे नऊ. जुळलं. 1682 आलं असतं तर आठ आले असते, पकडलं. ही रीत कधी चुकत नाही.

खडूफळा

चुकते की! 1962 लिहिलंत तरी नऊच येणार. आकड्यांची अदलाबदल तिला दिसत नाही. चूक आहे हे ती सांगेल, बरोबर असल्याची हमी देणार नाही. समीकरणाचं गणित असेल तर उत्तराचा पर्याय प्रश्नात घालून बघावा, ते खरं.

नवाचा_कस

मान्य. 'कधी' हा शब्द मागे घेतो.

कुलूप_लावलं_का

मला परीक्षेबाहेरही हेच होतं. गॅस बंद आहे ना, कुलूप लागलं ना, दोन-दोनदा जिना चढते. त्यामुळे 'बोट ठेवता आलं तरच' हा नियम मला कळतो, पाळता येत नाही. बोट ठेवायला काही नसतं आणि तरी हात जातो. समुपदेशकांकडे आता चौथी भेट आहे. फरक पडतोय का, अजून नीट सांगता येत नाही. कुणाला असा अनुभव असेल तर लिहा.

तिसरा_प्रयत्न

ताई, माझी 'भी' बहुधा तुमच्याइतकी खोल नाही, त्यामुळे उगाच सल्ला देत नाही. तुम्हाला व्यनि करते.

बाकी मंडळी, चिऊचा आज मेसेज आला. तोच खाली देते.

"कालच्या सराव परीक्षेत तुझी अक्षरं वापरली. गणितात 24 झाले. तू म्हणालीस म्हणून शंका आली की `Mark for Review & Next` दाबत गेले. आधी वाटायचं खूण केलेलं उत्तर धरत नाहीत, म्हणून तिथल्या तिथेच घासाघीस करायचे. काल सूचना नीट वाचल्या, उत्तर निवडलेलं असेल तर आयबीपीएस ते धरते. एकूण पाच बदल. तीन 'चू', तिन्ही बरोबर. एक 'भी', तो गेला. पाचव्यापुढे काय लिहावं कळेना, म्हणून 'चू' आणि 'भी' दोन्ही लिहिलं. प्रश्न क्रमांक 22, नळ आणि टाकी. उत्तर बरोबर आलंय, पण का आलं ते मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी येतेस का?"